काका, बी चावून बघितल्याबद्दल

आदरणीय काका,

इंदूरहून तुम्हाला हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण फोनवर आभार मानले की तुम्ही विषय बदलता.

सिमरोलकडच्या त्या मुरमाड उतारावर लावलेली शिराज, म्हणजे वाईनची द्राक्षं, पहिल्यांदाच फळाला आली होती. मण्यांत पाणी उतरलं, रंग भरला आणि आमच्या घरात झोप उडाली. त्यात फेब्रुवारीच्या शेवटी ढग आले. तुमच्या आधी जे सल्लागार आले होते (फी आगाऊ घेतली, बूट मात्र मातीला लागू दिले नाहीत), त्यांनी बांधाजवळच्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या वेलींचे चार मणी चिरडले, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये रसातली साखर बघितली, "तेवीस ब्रिक्स, उद्या तोडा" म्हणाले आणि गेले. आई रोज बागेत फिरायची. ती म्हणत होती, बी अजून हिरवं आहे. ते हसले होते.

तुम्ही आलात आणि आधी तिलाच विचारलंत, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" तिने मणी दाबून बी काढून दिलं. तुम्ही ते चावलंत, तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. हे वाईनमध्ये कडू उतरेल."

काका, बाकी सगळं विसरेन, पण त्या क्षणी आईचा चेहरा कसा झाला होता ते विसरणार नाही.

मग तुम्ही प्रत्येक ओळीतून मणी गोळा करायला लावलेत: उन्हाकडचे, सावलीतले, घडाच्या खांद्यावरचे आणि शेंड्याचेही, कारण शेंडा मागाहून पिकतो. सगळ्यांचा एकत्र रस काढला, तर साडेवीस! त्या दिवशी तोडलं असतं तर जेमतेम अकरा टक्क्यांची, आंबट आणि हिरवट वाईन झाली असती.

थांबायचं तर पावसाची भीती होतीच. पिकत आलेला मणी पाणी पिऊन तडकतो आणि तडकला की घड कुजायला वेळ लागत नाही. तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. "पाऊस आला तर नुकसान होईल, मी काही देव नाही," असं स्पष्ट सांगितलंत. ठिबक कमी करायला, घडांभोवतीची पानं विरळ करायला सांगितलंत, म्हणजे वारा खेळेल. शिंतोड्यांवर भागलं. आठवड्याभराने बी तपकिरी झालं, दाताखाली कुरकुरलं, रीडिंग साडेतेवीसच्या आसपास आलं. पहाटे, गारव्यातच तोडणी उरकली.

असा माणूस, जो बाईला विचारतो आणि फीचं नाव काढत नाही, फार कमी भेटतो. आपल्याकडे तज्ज्ञ पुष्कळ, ऐकून घेणारे मोजके.

ऑक्टोबरच्या छाटणीला या. यंदा किती डोळे ठेवायचे यावरून आई आणि बाबांचं जुंपलंय, आणि आई म्हणते, काका सांगतील तेच.

तुमची,
इंदूरची पुतणी