बाई, तुमच्या रंगीत चिठ्ठ्यांमुळे दिवस तरला

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र केंद्रातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहितेय. शनिवारची कार्यशाळा तुमच्यामुळे उभी राहिली, हे त्यांनाही ठाऊक असावं.

माझ्या वेळापत्रकात सकाळचे दोन तास सहकार्यात्मक अध्ययनावर नुसतं भाषण होतं. ते तुम्ही वीस मिनिटांवर आणलंत. "आधी त्यांना गटात शिकू दे, नाव मग सांग," म्हणालात. एलियट अॅरनसन यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली जिगसॉ पद्धत म्हणूनच शिक्षकांनी आधी स्वतः अनुभवली. तिच्यात मूळ गटातला प्रत्येक जण मजकुराचा एक तुकडा घेतो, तोच तुकडा मिळालेल्या इतर गटांतल्यांबरोबर बसून शिकतो आणि परत येऊन आपल्या गटाला शिकवतो. विषयही तुम्हीच सुचवलात, आपल्या खाडीतलं कांदळवन. मजकुराचे चार तुकडे: मुळं, झाडांच्या जाती, मासे-खेकडे आणि किनाऱ्याची राखण.

बत्तीस जण येणार म्हणून चौघांचे आठ गट धरले होते. दोघांची एसटी चुकली, तीसच आले. मी गडबडले, पण तुमच्या चिठ्ठ्यांवर आकडा म्हणजे मूळ गट आणि रंग म्हणजे तुकडा. त्यामुळे सातच गट केले, पाच चौघांचे, दोन पाच जणांचे. पाच जणांच्या गटात एक तुकडा दोघांनी मिळून घेतला. एकाच रंगाचे सात-आठ जण एका टेबलाशी बसले तर दोघंच बोलतात, हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून प्रत्येक रंगाची दोन टेबलं मांडली. मूळ गटात परतल्यावर कागद पालथा ठेवायचा, हा तुमचा नियम सगळ्यांत मोलाचा ठरला. कागद हातात असता तर सगळे वाचूनच दाखवत बसले असते.

शेवटी पाच प्रश्नांची चाचणी ज्याची त्याने सोडवली. एका गटात चौघांचंही एकच उत्तर चुकलं: तिवराची वर आलेली मुळं पाणी शोषतात. खरं तर चिखलात हवा नसते, म्हणून ती श्वासासाठी वर येतात. सगळा गट एकाच जागी चुकला, की चूक शिकवणाऱ्याच्या समजुतीत असते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पुढच्या वेळी मूळ गटात परतण्याआधी प्रत्येक टेबलाला दोन प्रश्न विचारीन.

अभिप्राय पत्रातलं "कार्यशाळा कशी वाटली?" तुम्ही खोडून "येत्या पंधरवड्यात कोणता पाठ, कोणत्या वर्गाला, कुठे अडेल?" असं लिहिलंत. अकरा मुलांच्या द्विशिक्षकी शाळेतल्या एका गुरुजींनी लिहिलंय, "चार तुकडे पेलणार नाहीत, तीन करीन. चार, चार आणि तीन मुलांचे गट." आणि अडेल कुठे, तर पहिलीतल्या मुलांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी चित्रांचा तुकडा करायला मी बुधवारी त्यांच्या शाळेत जातेय. तुमच्या उरलेल्या चिठ्ठ्या सोबत नेते.

तुमची,
केंद्रातली विद्यार्थिनी