मानेवरचा भोवरा

प्रिय चिऊ,

परवा कॉल संपताना तू चहा बघायला वळलीस आणि तुझी मान दिसली. उजवीकडे केस कानाच्या पाळीशी, डावीकडे बोटभर खाली. केसांबद्दल विचारायचं सोडून मी "पैसे संपलेत का?" म्हटलं आणि तू फोन ठेवलास. आता तो प्रश्न नाही. डब्लिनला पार्लर महाग असतं, कळतं मला.

केस स्वतःच कापताना आरसा हातात धरला होतास ना? तिथंच घोटाळा झाला. एका हातात आरसा, दुसऱ्यात कात्री, मग बट कोण धरणार? शिवाय बघायला मान वळते, खांदा उचलतो आणि रेष तिरकी जाते. बेसिनच्या आरशाकडे पाठ कर. दुसरा आरसा समोर, डोळ्यांच्या उंचीला टांग. त्यात उजवा हात उजवीकडेच दिसतो, पण दोनदा उलटल्यामुळे पुढे-मागे सरकणं उलटं भासतं आणि एका आरशाची सवय असलेला हात भलतीकडे जातो. म्हणून आधी नुसता कंगवा फिरवून बघ.

केस कोरडेच असू देत, ओले वाळल्यावर आखडतात. वरचे चिमट्यात अडकव, खाली बोटभर जाडीचा थर सोड. हनुवटी किंचित खाली, डोकं सरळ. मधून सुरुवात कर, मग दोन्हीकडे सरक. कात्री उभी धरून टोकंच टिपायची. आडवी चालवलीस की पायरी पडते. मग पुढचा थर सोड आणि खालच्याच्या मापाने काप.

तुझा भोवरा मात्र आजीचा, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे. चौथीत असताना तुला उलट्या बादलीवर बसवून मी ती बट ताणून कापली होती. सोडल्याबरोबर टुणकन वर गेली. तू शाळेत स्कार्फ बांधून गेलीस, आठवतं? ती ओढू नकोस, कंगव्याने नुसती बसव आणि अर्धा सेंटीमीटर लांबच राहू दे.

ट्रिमर फक्त रेषेखालच्या लवेवर. मी एकदा इकडे जरा, तिकडे जरा करत रेष दोन बोटं वर नेली. आठवड्यात खुंट टोचायला लागले आणि अख्खे गणपती पदर मानेवरून घेऊन काढले. तुझे बाबा अजून हसतात.

आता उजवी बाजू वाढायची नाही, डावी तिच्यापर्यंत आणावी लागेल. एका दिवसात नको. निम्मं काप, दोन दिवस विंचर, मग उरलेलं. सारखं वाटलं तरी आरशात दोन्हीकडची टोकं एकदम चिमटीत धरून बघ.

फार शिकवलं का? राग मानू नकोस. मधला भाग तू इतका नीट साधलायस, मला पहिल्यांदा तसा जमला नव्हता. पण तिथं मागून बघून "वाकडं झालंय" म्हणणारं कुणी नाही का गं? जेवायलाही एकटीच बसतेस?

खात्यात पाच हजार टाकलेत. आरशासाठी.

पुढच्या कॉलला आधी पाठ दाखव.

आई