दोन्ही ड्रमांवर ‘क्लोरीन’ लिहिलंय, म्हणून ते शेजारी ठेवू नका

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा तोंडावर आला की गृहसंकुलांतले पोहण्याचे तलाव घासूनपुसून भरायला घेतात आणि त्यासाठी लागणाऱ्या रसायनांचे ड्रम पंपाच्या खोलीत येऊन पडतात. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. ‘तुम्ही केमिस्ट्रीवाले’ म्हणून आमच्या सोसायटीच्या कमिटीने यंदा तलावाचं काम माझ्या गळ्यात घातलं. पंपाच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा जे दिसलं, ते इतर सोसायट्यांतही असणार असं वाटतं, म्हणून हे पत्र.

खोलीत दोन ड्रम एकमेकांना खेटून ठेवलेले होते. एकावर ‘टीसीसीए ९०’, दुसऱ्यावर ‘कॅल्शियम हायपोक्लोराइट ६५ टक्के’. दोन्हींवर ‘क्लोरीन’ हा शब्द, पिवळा चौकोन, त्यात वर्तुळावर पेटलेली ज्योत आणि खाली ५.१ हा आकडा. म्हणजे दोन्ही ऑक्सिडीकारक, आग भडकवणारे. पावडर काढायला प्लास्टिकचं माप मात्र एकच, ते आलटून पालटून दोन्ही ड्रमांत जायचं. पंपवाल्या मुलाला विचारलं, तर तो सरळपणे म्हणाला, “सर, दोन्ही क्लोरीनच आहे. एक संपलं की दुसरं वापरतो.” त्याला दोष कसा देणार? ड्रमांवर तेच लिहिलंय, चिन्हंही तीच आहेत. एका जातीचा माल एका जागी, हा साठवणुकीचा सर्वमान्य नियम तो पाळतच होता.

मी घरी येऊन जुना तक्ता काढला. टाकाऊ रसायनांपैकी कोणाचं कोणाशी जमत नाही हे सांगणारा तो तक्ता अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८० साली प्रसिद्ध केला होता. त्यात रसायनांचे ४१ गट आहेत. आपलं रसायन कोणत्या गटात बसतं ते पाहायचं, दुसऱ्याचा गट शोधायचा, आणि दोन्ही रेषा जिथे मिळतात तो चौकोन वाचायचा. चौकोनात अक्षरं असतात. कुठलं अक्षर उष्णतेसाठी, कुठलं आगीसाठी, कुठलं विषारी वायूसाठी, कुठलं स्फोटासाठी. पत्रिका जुळवण्यासारखाच प्रकार, फक्त इथे मंगळ खरोखरच असतो.

आता गंमत पाहा. दोन्ही ड्रम मी ‘तीव्र ऑक्सिडीकारक’ या एकाच गटात टाकले, तर चौकोन रिकामा निघतो. गटाची स्वतःशी गाठ पडते तिथे तक्ता काहीच बोलत नाही. लग्न जुळवताना सगोत्र असणं हीच अडचण मानतात, इथे सगोत्र असलं की कोणी विचारतच नाही! घाईतला माणूस रिकामा चौकोन पाहून ‘चालेल’ म्हणतो आणि तिथेच फसतो. रिकाम्या चौकोनाचा अर्थ एवढाच, की या दोन गटांची नावं घेऊन तक्त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं.

चूक गटात टाकताना झालेली असते. ऑक्सिडीकारक हा रसायनाचा स्वभाव झाला, त्याची घडण नव्हे. घडणीसाठी रेणूकडे, त्यातल्या क्रियात्मक गटांकडे, म्हणजे त्याचं वागणं ठरवणाऱ्या अणूंच्या जोडण्यांकडे पाहावं लागतं. कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये क्लोरीन ऑक्सिजनला जोडलेला असतो. तो कॅल्शियमचा क्षार आहे, कारखान्यातून येताना थोडा चुनाही बरोबर आणतो, आणि त्याचं द्रावण चांगलंच आम्लारीधर्मी असतं. सामू, म्हणजे पीएच, साधारण ११ च्या आसपास. आपल्या ग्रामपंचायतीत विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याचंच सौम्य भावंड. (टीसीएल आणि टीसीसीए ही नावं ऐकायला किती सारखी आहेत पाहा. फोनवर ऑर्डर देताना गोंधळ व्हायला एक अक्षर पुरतं.)

टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल. त्यात तीन कार्बन आणि तीन नायट्रोजन एकाआड एक बसून षटकोनी कडं करतात. प्रत्येक कार्बनवर ऑक्सिजन, प्रत्येक नायट्रोजनवर क्लोरीन. म्हणजे याचा क्लोरीन नायट्रोजनला धरून आहे, आणि कड्यातली कार्बन-नायट्रोजनची ती रचना अमाइडांच्या कुळातली आहे. पाण्यात विरघळलं की द्रावण स्पष्ट आम्लधर्मी होतं, एक टक्का द्रावणाचा सामू ३ च्या जवळपास.

एवढं कळल्यावर तक्ता पुन्हा उघडायचा, आणि या वेळी टीसीसीएला त्याच्या प्रत्येक गटातून चालवून पाहायचं. आम्ल म्हणून तीव्र ऑक्सिडीकारकासमोर उभं केलं, तर चौकोनात उष्णता आणि विषारी वायू. अमाइड म्हणून उभं केलं, तर उष्णता, आग आणि विषारी वायू. आम्ल आणि आम्लारी म्हणून पाहिलं, तरी उष्णता आहेच. तीन वाटांनी गेलो आणि तिन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. एका रसायनाला एकच गट नसतो, आणि उत्तर सगळ्यांत वाईट चौकोनावरून ठरवायचं, एवढं माझ्या विद्यार्थ्यांना समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली.

तक्ता अक्षरं देतो, कारण देत नाही. ते रेणूंवरून ताडावं लागतं. आम्लधर्मी टीसीसीए आणि हायपोक्लोराइट ओलसर अवस्थेत एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुताना ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतल्यावर घसा धरतो, तीच ही क्रिया. पण इथे आणखी एक भानगड आहे. हायपोक्लोराइट त्या नायट्रोजनच्या कड्यावर तुटून पडतं, कडं फुटतं, आणि सुटलेल्या नायट्रोजनला तीन-तीन क्लोरीन चिकटून नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं. हा पिवळा तेलकट द्रव जरा धक्क्याने किंवा उष्णतेने फुटतो. १८११ साली तो पहिल्यांदा बनवणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ द्यूलाँगचा एक डोळा आणि दोन बोटं त्यातच गेली. पुढच्याच वर्षी इंग्लंडात हम्फ्री डेव्हीच्या डोळ्यांनाही त्याने इजा केली. डेव्हीला लिहायला मदतनीस हवा झाला, आणि तेव्हा मायकेल फॅरडे नावाचा एक पोरगा त्याच्याकडे आला, हे जाता जाता.

पाण्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण अनेकांना वाटतं की पाणी टाकलं की सगळं शांत होतं. तलावाच्या हजारो लिटर पाण्यात ही द्रव्यं इतकी विरळ होतात, आणि निघणारी उष्णता पाणी इतकी सहज पोटात घेतं, की काही घडलेलं जाणवत नाही. धोका थोड्या पाण्याचा. ओलं माप, घामेजलेला हात, गळकं छत, पावसाळ्यातली दमट हवा. कालवण घट्ट, पाणी कमी, उष्णतेला जायला जागा नाही. आमच्याकडे फेब्रुवारीतली कोरडी हवा होती म्हणून मापात नुसती पांढरी धूळ दिसली. तेच माप जुलैत असतं, तर मला हे पत्र इतक्या निवांतपणे लिहिता आलं नसतं. तक्त्यात ओलाव्याचा हिशेब नाही. किती माल, किती गरम खोली, झाकण किती घट्ट, हेही त्यात नाही. ते आपणच घालायचं.

त्याच खोलीत तिसरा कॅनही होता, फरशी धुवायला आणि पाण्याचा सामू सुधारायला आणलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा. हायपोक्लोराइटशी आम्लाची गाठ पडली की काय होतं हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ॲचिसन गावाने पाहिलंय. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथल्या एका कारखान्यात टँकरमधलं सल्फ्युरिक आम्ल चुकून सोडियम हायपोक्लोराइटच्या टाकीत उतरवलं गेलं. दोन्ही टाक्या भरायच्या नळ्यांची तोंडं जवळजवळ होती आणि दिसायला सारखी. हिरवट पिवळा ढग गावावर गेला आणि १४० हून जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले. आम्ल आणि हायपोक्लोराइटचं वैर तर कुठल्याही तक्त्यात ठळक दिसतं. माहीत असूनही घडतं, कारण तोंडं सारखी असतात.

ज्यांच्या ताब्यात अशी खोली आहे त्यांनी नावावर विसंबू नये. ‘पूल क्लोरीन’, ‘शॉक’ ही व्यापारी नावं आहेत. लेबलावर सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक शोधावा. टीसीसीएचा ८७-९०-१, कॅल्शियम हायपोक्लोराइटचा ७७७८-५४-३. मग पुरवठादाराकडून त्या मालाचं सुरक्षा माहितीपत्रक मागून त्याचा दहावा भाग वाचावा, कोणाशी जमत नाही ते तिथे असतं. तिथेही नुसतं ‘आम्लं, सेंद्रिय पदार्थ’ इतकंच लिहिलेलं आढळलं, तर वर सांगितलं तसं रेणूकडे पाहणारा माणूस गाठावा. घरी चमचाभर मिसळून ‘बघू या काय होतं’ हे कोणीही करू नये. तीव्र वास, गरम लागणारा ड्रम, फुगलेलं झाकण किंवा धूर दिसला, तर बादलीभर पाणी ओतायला धावू नये. खोली रिकामी करावी, वाऱ्याच्या उलट दिशेला जावं आणि १०१ ला फोन करावा.

आमच्या सोसायटीत मी कमिटीला एवढंच म्हणालो की दोन्ही कशाला हवेत, एकच ठेवा. सेक्रेटरींना ते पटलं, खर्चही कमी दिसला. हायपोक्लोराइट ठेवायचं ठरलं आणि न उघडलेले टीसीसीएचे ड्रम पुरवठादार परत घेऊन गेला. पण परवा सहज गाळणीशेजारचा फीडर पाहिला. टीसीसीएच्या गोळ्या भरायचं ते बंद झाकणाचं नळकांडं. आत तळाशी अर्ध्या विरघळलेल्या गोळ्यांचा ओला लगदा होता, आणि पंपवाला मुलगा नवी पावडर त्यातच भरायला निघाला होता. त्याचा हात धरला. फीडर आता काढून टाकलाय, आणि ज्या सोसायट्या यंदा एक क्लोरीन सोडून दुसरं घेणार आहेत, त्यांनी ड्रमांच्या आधी आपला फीडर उघडून पाहावा.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, पुणे