वहीचा फोटो पाठव, शैला

बेळगाव, रविवार

प्रिय शैला,

तुझं पत्र मिळालं. खानापूर तालुक्यातल्या शाळेत तू आणि मुख्याध्यापक अशी दोघंच, गणितावर चार शब्द बोलायला कुणी नाही, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर येत नाही म्हणतेस. कसं येणार गं? त्या मोठ्या ग्रुपांवर परिपत्रकं, सुप्रभात आणि निवृत्तीच्या शुभेच्छा यांचाच पूर असतो. मी ते सोडलेले नाहीत, बीईओ ऑफिसची बातमी तिथंच आधी कळते. पण वर्गातल्या अडचणीला ते उपयोगाचे नाहीत. त्यात तू विचारलंस, 'हातच्याची वजाबाकी कशी शिकवावी?' याचं उत्तर द्यायचं तर निबंधच लिहावा लागेल. ज्याला येतं तोही पुढं सरकतो.

गणितावर बोलणाऱ्या माणसांशी माझी खरी ओळख झाली ती डाएटच्या, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेतल्या प्रशिक्षणात, तीही जेवणाच्या सुट्टीत. सत्र कन्नडमधून चाललं होतं, आम्ही मराठी शाळेतली माणसं एका बाकाशी गोळा झालो होतो. निपाणीकडच्या एक बाई मुलांच्या चुकलेल्या गणितांची वहीच घेऊन आल्या होत्या. मला ते फार आवडलं. त्यांच्याकडून एका छोट्या ग्रुपचा पत्ता लागला. आम्ही बेळगाव-चिक्कोडीकडची काही आणि चंदगड-गडहिंग्लजची काही, एवढीच माणसं. त्यात नियम एकच: प्रश्न विचारायचा तर मुलाच्या कामाचा फोटो टाकायचा, नाव झाकून.

एकदा मी एका चौथीतल्या मुलीचं गणित टाकलं. ४०३ वजा १७८, आणि तिचं उत्तर ३२५. मला वाटलं होतं, हिला हातचाच कळत नाही. चंदगडच्या एका सरांनी लगेच उपाय सांगितला नाही. म्हणाले, तिला ४१३ वजा १७८ द्या आणि काय लिहिते ते कळवा. दिलं. तिनं बरोबर २३५ लिहिलं! म्हणजे हातचा तिला येत होता, घोळ शून्यापाशी होता. शून्याचे ९ करायचे हे तिनं पाठ केलं होतं, पण ते नऊ शतकातून येतात आणि तिथं चाराचे तीन होतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. म्हणून एकक-दशक बरोबर आणि शतकात एक जास्त. हेच उत्तर ३७५ आलं असतं, तर आजार निराळा. तेव्हा मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत असतं, आठातून तीन, सातातून शून्य.

मग कागदी नोटा घेतल्या, शंभराच्या चार आणि रुपयाच्या तीन. सरांची अट अशी, की बाईंनी नोट मोडायची नाही, मुलीनंच दुकानदाराकडून मोडून आणायची. तिनं एक शंभर देऊन दहाच्या दहा नोटा आणल्या, त्यातली एक मोडून रुपये आणले. समोर शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, रुपये तेरा. नऊ कुठून आले ते तिनं स्वतः बोटानं दाखवलं. मग नोटांची मांडणी बघतच पाटीवर लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी नोटांशिवाय ६०२ वजा २४५ दिलं, तर पुन्हा गाडी घसरली. हेही मी ग्रुपवर कळवलं. न जमलेलं कळवलं की लोक पुढं बोलतात, हा माझा अनुभव. नुसतं 'धन्यवाद सर' म्हटलं की विषय संपला. सरांचं म्हणणं पडलं, नोटा आठवडाभर काढू नका. तसं केल्यावर बसलं.

पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिक्षकांकडून काय घ्यायचं तेही सांगते. त्यांचं पाठ्यपुस्तक वेगळं, मंडळ वेगळं, त्यामुळं त्यांच्या प्रश्नपत्रिका आपल्या वर्गात जशाच्या तशा चालत नाहीत. मराठी आहे म्हणून आपण उतरवून घेतो आणि धड्यांचा क्रमच जुळत नाही. मुलांच्या चुका मात्र सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडं-पलीकडं सारख्याच. त्यांच्या कार्यशाळेला जायचं असेल तर सुट्टीचा दिवस बघ. ओओडी मिळेल, तो दिवस ड्यूटीत धरतील, असं समजून चालू नकोस, सीएल टाकायची तयारी ठेव.

तुझ्या क्लस्टरची समालोचना सभा होईल तेव्हा शेवटी लगेच उठू नकोस. पाच मिनिटं मागून घे आणि एकच वही दाखव. क्लस्टर बघणाऱ्या सीआरपींना आधी सांगून ठेवलंस तर वेळ मिळतो. ज्या बाई-सर 'आमच्याकडंही असंच लिहितात' म्हणतील त्यांचाच नंबर घे, सगळ्यांचे नको. सभेत कन्नड शाळेचे शिक्षकही असतील, त्यांना वगळू नकोस. आकडे तेच असतात, आणि कृतीतून शिकवायच्या नलीकलीचा अनुभव त्यांच्यातल्या काहींचा आपल्यापेक्षा दांडगा आहे.

तुझ्या मुलांची वजाबाकीची पानं पाठव, प्रत्येकाची दोन-तीन गणितं तरी असू देत. एकाच गणितावरून चूक निसटती आहे की सवयीची, ते कळत नाही. नाव झाक, इयत्ता लिही. तुला ग्रुपमध्ये घ्यायचं मी विचारते.

तुझी,
मंगल