माझा पगार मी कुणाला सांगायचा नाही? कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार. तुमचा वेळ मोलाचा आहे, पण शुक्रवारी मला ऑफिसमध्ये मेमो मिळालाय आणि तेव्हापासून झोप नाहीये, म्हणून लिहिते.

माझा गुन्हा असा की मी माझाच पगार बाजूच्या टेबलवरच्या मुलाला सांगितला. हा मुलगा सहा महिन्यांपूर्वी आला, त्याला काम मीच शिकवलं, पद तेच, शिफ्ट तीच. बोलता बोलता कळलं की मला शंभर मिळत असतील तर त्याला एकशे बावीस मिळतात. मी एचआरला साधं विचारलं, का? उत्तर आलं नाही, मेमो आला. अपॉइंटमेंट लेटरमधलं एक कलम दाखवलं, की वेतनाची माहिती गोपनीय आहे, सहकाऱ्यांशी चर्चा केल्यास शिस्तभंगाची कारवाई. सही माझी आहे हो, नाकारत नाही. पण जॉईन होताना वीस पानांवर सही करणारा माणूस एक कलम खोडा म्हणू शकतो का? तुम्ही सांगा.

आता बावीसचा फरक म्हणजे काय ते ऐका. पुढची पाच वर्षं आम्हा दोघांना सारखीच आठ टक्के वाढ मिळाली, म्हणजे कागदावर एकदम न्याय, तरी माझे शंभरचे एकशे सत्तेचाळीस होतील आणि त्याचे एकशे एकोणऐंशी. फरक बावीसवरून बत्तीसवर. पीएफ बेसिकवर, बोनस बेसिकवर, आणि पुढच्या कंपनीत पहिला प्रश्न, आधी किती घेत होतात? म्हणजे ही तफावत माझ्या मागोमाग येणार. त्याचा काही दोष नाही, बिचाऱ्यालाही मेमो आहे.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, पगार उघड झाला की वातावरण बिघडतं. अहो, वातावरण फरकाने बिघडतं की फरक कळल्याने?

तुमच्या खात्याच्या पोर्टलवर या कलमाबद्दल मी याआधी तक्रार केली होती, महिन्याभरात बघू असा मेसेज आला. चौथ्या महिन्यात 'निकाली' असा शेरा. कारण काय तर हा दोन पक्षांमधला करार आहे आणि भेदभाव झाला असेल तर पुरावा जोडा. वा! पुरावा म्हणजे दुसऱ्याचा पगार, आणि तो विचारायची बंदी. कुलूपही तुमच्यासमोरच लागतं आणि चावी आणा म्हणूनही तुम्हीच सांगता.

स्वतःचा पगार सांगायचा हक्क मागणारी मी काही पहिली नाहीये. अमेरिकेत 1935 च्या कामगार कायद्याने खाजगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगारावर बोलायचा हक्क मिळाला, सुपरवायझर मात्र त्यातून वगळले. तरी तिथे लिली लेडबेटर नावाच्या बाईंना पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला कमी मिळतं हे नोकरी संपत आली तेव्हा एका निनावी चिठ्ठीतून कळलं, आणि 2007 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की तक्रारीची 180 दिवसांची मुदत टळली! जे लपवलं होतं त्याची मुदत. 2009 मध्ये त्यांच्या नावाने कायदा बदलावा लागला. ब्रिटनने 2010 मध्ये अर्धंच दार उघडलं, लिंग किंवा वंश अशा कारणावरून भेदभाव होतोय का हे शोधायला बोललात तरच संरक्षण. उद्या मी सहज सांगितला म्हटलं तर? म्हणून मला ऑस्ट्रेलियाचं पटतं. डिसेंबर 2022 पासून तिथे कर्मचाऱ्याला पगार सांगायचाही हक्क आणि न सांगायचाही, आणि जून 2023 पासून असं कलम नव्या करारात घातलं तर मालकाला दंड होऊ शकतो.

न सांगायचाही, हे महत्त्वाचं आहे. मी कुणाचा आकडा भिंतीवर लावा म्हणत नाही. पेरोल बघणारा माणूस सगळ्यांचे पगार बाहेर वाटायला लागला तर त्याला जरूर अडवा, त्याच्याकडे ती माहिती कामामुळे आलीय. माझा पगार माझ्याकडे माझ्या घामामुळे आलाय. या दोन गोष्टी एकाच कलमात कोंबतात तिथेच लबाडी आहे, आणि तुमचे अधिकारी ती वाचूनही सोडून देतात.

बाकी साहेब, तुमचा स्वतःचा पगार कायद्याने ठरतो, कुणालाही वाचता येतो. त्याने तुमच्या मंत्रिमंडळातलं वातावरण बिघडलेलं ऐकलं नाही, बिघडतं ते खात्यांवरून. गुप्तता फक्त खालच्यांसाठीच का? आमचा सिबिल बँकेला माहीत, आमचा टॅक्स सरकारला माहीत, बाजूच्या कंपनीत काय देतात याचे सर्व्हे कंपन्या विकत घेतात, आणि आम्ही दोघांनी जिन्यात बोललं की गैरवर्तन.

मेमोचं उत्तर मला येत्या सोमवारी पाच वाजेपर्यंत द्यायचंय. कायदा कधी कराल तो करा. तोवर तुमच्या खात्याने एका ओळीत, सही-शिक्क्यानिशी एवढंच लिहून द्यावं की स्वतःचा पगार सहकाऱ्याला सांगणं हे गैरवर्तन आहे की नाही. मी ते उत्तराला जोडते.

आपली,
मेमो मिळालेली एक कर्मचारी