सण आदल्या संध्याकाळी का लागतो

अलिबाग,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

बुधवारी १ ऑक्टोबरला रात्री साडेसातला तुझा नागपूरहून फोन आला, तुला विचारायचे होते, "बाबा, उपास उद्यापासून ना?" तेव्हा मी सिनेगॉगमधून बाहेर येऊ शकत नव्हतो आणि फोनही घेऊ शकत नव्हतो, कारण योम किप्पूरचा उपास लागून एक तास होऊन गेला होता. तुझा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी रात्री आईकडून समजला. दिनदर्शिकेत योम किप्पूर गुरुवारी २ ऑक्टोबरच्या चौकोनात छापला होता. त्याच दिवशी दसरा आणि गांधी जयंती असल्यामुळे निराळी रजा घ्यावी लागणार नाही, असे तुला वाटले आणि बुधवारी संध्याकाळी तू नेहमीप्रमाणे कामावर थांबलीस. यात तुझा दोष मी मानत नाही. ही गोष्ट मी तुला लहानपणीच नीट समजावून सांगायला हवी होती, ती आज लिहून पाठवतो.

आपल्या यहुदी पंचांगात दिवस मध्यरात्री बदलत नाही आणि सूर्योदयालाही बदलत नाही. तो सूर्यास्ताला बदलतो. तोरा या आपल्या धर्मग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात सृष्टीच्या प्रत्येक दिवसाअखेर एकच वाक्य येते, संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली, तो अमुक दिवस. संध्याकाळचे नाव आधी घेतले आहे, म्हणून रात्र ही तिच्यामागून येणाऱ्या दिवसाची, असा अर्थ आपल्या रब्बींनी लावला. आपला महिना चंद्राचा असतो हेही यालाच धरून आहे. नव्या चंद्राची कोर पश्चिमेला सूर्य बुडाल्यावरच दिसते आणि पूर्वी ती पाहिलेल्यांच्या साक्षीवरून महिना ठरवत असत. आपल्या आळीपलीकडच्या मुसलमान शेजाऱ्यांचा रमजान चंद्र दिसलेल्या संध्याकाळीच लागतो, तो तू लहानपणापासून पाहिला आहेस. (एक अपवाद मात्र लक्षात ठेव. जेरुसलेमच्या मंदिरात यज्ञबळीच्या बाबतीत रात्र आधीच्या दिवसाला जोडून धरत. म्हणजे सूर्यास्ताचा नियम सण आणि तारखांचा आहे, सरसकट सगळ्याचा नाही.)

योम किप्पूरच्या बाबतीत तर तोरा स्वतःच खुलासा करते, आणि तो मला फार आवडतो. हा उपास तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी करायचा, असे एका ठिकाणी सांगितले आहे. पुढे काही ओळींनंतर म्हटले आहे की महिन्याच्या नवव्या दिवशी संध्याकाळी, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत, तो पाळा. मग उपास नवमीचा की दशमीचा? तालमुद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात हाच प्रश्न विचारला आहे आणि त्यातून निघालेली शिकवण अशी की नवव्या दिवसाचा शेवटचा थोडा भाग आपणहून पवित्र दिवसात मिळवून घ्यायचा. म्हणून आपण सूर्य बुडायची वाट न पाहता त्याआधीच जेवण आटोपतो आणि दिवे लावतो. बहुतेक ठिकाणी दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी लावतात, जेरुसलेममध्ये ४० मिनिटे आधी.

आता आपला परवाचाच दिवस घे. अलिबागेत १ ऑक्टोबरला सूर्य साडेसहाच्या किंचित आधी मावळला. तेव्हापासून मध्यरात्रीपर्यंतचे साडेपाच तास छापील दिनदर्शिकेत १ तारखेचे, आणि उरलेला सण २ तारखेचा. एकाच दिवसाचे दोन चौकोनांत तुकडे होतात. छापणारा त्यातला मोठा तुकडा, म्हणजे ज्या दिवशी ऊन असते तो, निवडतो आणि नाव त्यातच लिहितो. त्याचे चुकत नाही, वाचणाऱ्याने मात्र एक संध्याकाळ मागे यायचे असते. तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. घड्याळ सगळ्या भारतात एक असले तरी सूर्य एक नाही. नागपूर आपल्या पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य सुमारे २५ मिनिटे आधी, सहाच्या सुमारास मावळतो. आमची वेळ विचारून तू तिथे दिवे लावलेस, तर सूर्यास्त होऊन गेलेला असेल. नेहमी नागपूरची वेळ पाहा.

सूर्यास्त आणि रात्र यांच्यामध्ये एक पट्टा असतो, जो धड आजचा नाही आणि धड उद्याचाही नाही. त्याला बेन हशमशोथ म्हणतात. आकाशात मध्यम आकाराचे तीन तारे दिसले की रात्र झाली, असे धरतात. मधला काळ नेमका किती मिनिटांचा, यावर जुन्या जाणकारांचे एकमत नाही. म्हणून संशय दोन्ही टोकांना सणाच्याच पदरात टाकतात. सण सुरू होतो सूर्यास्ताआधी आणि सुटतो तारे दिसल्यावर. त्यामुळे २४ तासांचा उपास जवळजवळ २५ तासांचा होतो.

या पट्ट्यात काय घडू शकते, हे आपल्याच घरात एकदा कळले. तुझा धाकटा भाऊ मार्चमधल्या एका शुक्रवारी जन्मला. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळला होता आणि दाईने चिठ्ठीवर वेळ लिहिली होती सहा वाजून पंचावन्न मिनिटे. मी खिडकीत उभा राहून आकाश पाहत होतो. ते अजून फिकट निळे होते आणि एकही तारा नव्हता. सुंता आठव्या दिवशी करायची असते. जन्म शुक्रवारचा धरला, तर आठवा दिवस पुढचा शुक्रवार. पण जन्म शनिवारचा निघाला, तर तो शुक्रवार सातवाच, आणि सातव्या दिवशी सुंता करता येत नाही. शनिवारी करावी, तर शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस मोडायला आठवा दिवस निःसंशय असावा लागतो आणि इथे तोच संशयात होता. म्हणून सुंता रविवारी झाली, शुक्रवारपासून मोजले तर दहाव्या दिवशी. पाहुण्यांना नवल वाटले, पण मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात हे उदाहरण जवळपास जसेच्या तसे दिले आहे. तो आणखी दीड तासाने जन्मला असता, तर चर्चाच नव्हती. जन्म शनिवारचा आणि सुंता पुढच्या शनिवारी, शब्बाथ असूनही.

पूर्वजांच्या पुण्यतिथीलाही हेच लक्षात ठेव. तुझे आजोबा रात्री नऊला गेले. मृत्यूच्या दाखल्यावरची इंग्रजी तारीख पाहून हिब्रू तारीख काढली, तर ती एक दिवस आधीची येते. मी पहिल्या वर्षी ती तशीच काढली होती आणि सिनेगॉगमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी गेल्याची वेळ विचारून ती दुरुस्त करून दिली. तारीख विचारताना वेळ सांगितल्याशिवाय राहू नकोस.

कोकणात आपल्या पूर्वजांना गावकरी शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा चालवत नसत. नाव शनिवारचे पडले, पण शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो.

पुढचा प्रसंग हनुका या दिव्यांच्या सणाचा आहे. दिनदर्शिकेत पहिला दिवस सोमवार, १५ डिसेंबर दिसेल. तू पहिला दिवा रविवारी १४ तारखेला लाव. नागपुरात त्या दिवशी सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळेल. गच्चीवर जाऊन तारे दिसेपर्यंत थांब आणि मग लाव. तेल आणि वाती आई पार्सलने पाठवत आहे.

तुझे,
बाबा