ट्रक कधी पोहोचेल, याचा हिशोब

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की ट्रकवाला तीन दिवस सांगतोय, म्हणजे सोमवारी सामान भरलं की गुरुवारी घरात. तेवढ्यावर बुधवारची तिकिटं काढू नका. मी कागदावर हिशोब मांडून पाहिला आणि माझं उत्तर वेगळं येतंय.

अंतर चौदाशे किलोमीटर. फोनवरचा नकाशा साधारण पंचवीस तास दाखवतो, पण ते कारचे तास. भरलेला ट्रक मोकळ्या रस्त्यावर साठच्या पुढे जातोही, पण चढावर तो रांगतो, टोलनाक्यावर रांगेत उभा राहतो आणि गावातून जाताना वेग पार मोडतो. हे सगळं धरून मी सरासरी ताशी चाळीस लावली, म्हणजे पस्तीस तास नुसती चाकं फिरायला हवीत. हे तास दिवसांत बदलताना जेवण आणि झोप मोजायची. एकच ड्रायव्हर असेल तर नऊ तासांच्या वर त्याने गाडी चालवू नये असंच मी धरते. आपलं सामान रात्री डुलक्या घेणाऱ्या माणसाच्या हाती नको. नऊ तासांना तीनशे साठ किलोमीटर, म्हणजे चौदाशेला चार दिवस. दोन ड्रायव्हर आलटून पालटून चालवणार असतील तर हेच अंतर दोन-अडीच दिवसांत कापलं जाईल. त्यामुळे गाडीवर ड्रायव्हर किती, हे आधी विचारा. 'तीन दिवस' कुठून आले ते त्यातूनच कळेल.

आता वार लावून बघा. सोमवार पॅकिंग आणि गाडी भरण्यात जातो. कपाटं सुटी करून, काचेचं सामान गुंडाळून गाडी हलेपर्यंत संध्याकाळ होतेच, म्हणून तो दिवस मी प्रवासात धरतच नाही. मंगळवार ते शुक्रवार चार दिवस रस्त्यावर. शुक्रवारी रात्री गाडी शहराच्या वेशीवर येईल, पण बऱ्याच मोठ्या शहरांत जड वाहनांना ठरावीक वेळीच आत सोडतात, आणि रात्री आली तरी हमाल आणि लिफ्ट कुठून आणणार? सामान उतरेल ते शनिवारी. वाटेत गाडी बिघडली किंवा पाऊस लागला तर रविवार. मी 'शनिवार, फार तर रविवार' असंच धरून चालले आहे.

पण हे सगळं गाडी फक्त आपली असेल तरच खरं. अर्ध्या गाडीचं सामान इतरांच्या सामानाबरोबर पाठवायचं ठरलं, तर हा हिशोब बाजूला ठेवा. मग सामान आधी गोदामात जातं, त्या दिशेची गाडी भरेपर्यंत तिथेच पडून राहतं, मध्ये कुठेतरी दुसऱ्या गाडीत चढतं आणि शेवटी छोट्या टेम्पोतून घरी येतं. वेळ रस्त्यात कमी आणि वाट पाहण्यात जास्त जातो. ही वाट अंतरावरून काढता येत नाही, म्हणून तिथे मी तारीख न धरता आठवडा-दीड आठवडा धरते. दरवेळी चढवताना-उतरवताना ठोकर लागते ती वेगळीच. बाबा, सोमवारी गाडीचा नंबर लिहून घ्या आणि सरळ विचारा, "सामान मध्ये कुठे उतरवणार का?" उत्तर 'बघू' असं आलं तर उतरवणार असं समजा.

मंगळवारी रात्री ड्रायव्हरला फोन करून गाडी कुठे पोहोचली एवढंच विचारा आणि नकाशावर किती किलोमीटर झाले ते बघा. साडेतीनशेच्या आसपास असेल तर शनिवार पक्का. तीनशेच झाले असतील तर अकराशे उरतात. त्याच चालीने शुक्रवारपर्यंत आणखी नऊशे होतील आणि उरलेले दोनशे शनिवारी. म्हणजे गाडी शनिवारी दुपारनंतर येईल आणि सामान रविवारी उतरेल. 'लवकरच पोहोचतो' या उत्तराला काही अर्थ नाही, ठिकाणाचं नाव घ्यायला लावा. पहिल्या दिवसाची चाल बघितली की पुढचा अंदाज मूळच्यापेक्षा बराच खरा उतरतो.

तेव्हा तिकिटं गुरुवारच्या रात्रीची काढा, म्हणजे शुक्रवारी तुम्ही माझ्याकडे असाल. गाडी आधी आलीच तर मी आहे, किल्ली माझ्याजवळ आहे. सोमवार ते गुरुवार रिकाम्या घरात सतरंजीवर झोपायचं नाही, मावशीकडे जा, ती केव्हाची बोलावते आहे.

आई, तुझ्या गोळ्या, चष्मे, कागदपत्रं आणि बाबांचं मशीन ट्रकमध्ये जाऊ देऊ नकोस. दहा दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव. सामान भरणारी मुलं समोर दिसेल ते खोक्यात घालतात, म्हणून ही पिशवी रविवारीच मावशीकडे पोहोचती कर.

तुमची,
ताई